चित्राचा मालकी-इतिहास कसा शोधायचा: ‘वॉली’च्या साखळीतली एक चुकीची कडी

एगोन शीले या ऑस्ट्रियन चित्रकाराने 1912 साली आपल्या मैत्रिणीचं, वॉली नॉयझिलचं, एक छोटं चित्र रंगवलं. लाकडी फळीवर तैलरंग, उंची साधारण 33 सेंटिमीटर आणि रुंदी 40. हे चित्र 1997 च्या शरद ऋतूत व्हिएन्नाहून न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये प्रदर्शनासाठी आलं. जानेवारी 1998 मध्ये प्रदर्शन संपलं, आणि परत पाठवण्याआधीच मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांचा हुकूम येऊन धडकला. चित्र बारा वर्षं अमेरिकेतच अडकलं. 2010 च्या जुलैमध्ये तडजोड झाली तेव्हा व्हिएन्नाच्या लिओपोल्ड म्यूझियमने मूळ मालकिणीच्या वारसांना 1 कोटी 90 लाख डॉलर दिले.

एवढं सगळं घडलं ते 1930 ते 1950 या वीस वर्षांत चित्र कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेलं, या एका प्रश्नावरून. मालकी-इतिहासाचं, म्हणजे प्रोव्हेनन्सचं, काम नव्याने शिकणाऱ्याने सुरुवातीला हेच प्रकरण नीट बघावं असं मला वाटतं. कारण यातली पोकळी पोकळीसारखी दिसत नव्हती. नोंदीत नावं होती, क्रम होता, सगळं जुळल्यासारखं वाटत होतं. फक्त एक नाव चुकीचं होतं.

आधी वस्तू ओळखा

मालकांच्या मागे लागण्यापूर्वी तुमच्यासमोरचं चित्र आणि कागदात उल्लेखलेलं चित्र एकच आहे का, हे पक्कं करायचं असतं. नवखे लोक ही पायरी पाच मिनिटांत उरकतात आणि पुढे सहा महिने भलत्याच चित्राचा पाठलाग करत बसतात.

शीर्षकावर विसंबू नका. बहुतेक जुन्या चित्रांना चित्रकाराने नाव दिलेलंच नसतं. विक्रेता, लिलावदार, प्रदर्शनाचा आयोजक, जो तो आपापल्या सोयीने देतो. ‘स्त्रीचे चित्र’ एवढीच नोंद असेल आणि त्या चित्रकाराने स्त्रियांची पन्नास चित्रं केली असतील, तर ती नोंद जवळजवळ निरुपयोगी आहे. म्हणून माप, माध्यम आणि आधार या तीन गोष्टी मिळवा: कॅनव्हास, लाकूड की कागद, तैलरंग, जलरंग की पेन्सिल. मापात उंची आधी लिहिण्याचा रिवाज आहे, पण जुन्या याद्यांमध्ये तो सर्रास मोडलेला दिसतो. ‘वॉली’ आडवं चित्र आहे. एखाद्या यादीत 40 × 33 असं लिहिलेलं आढळलं तर ते उभं चित्र, म्हणजे दुसरंच, असेल. किंवा कारकुनाने आकडे उलटे लिहिले असतील. दोन्ही शक्यता टिपून ठेवायच्या आणि छायाचित्र सापडेपर्यंत कुठलीच नक्की धरायची नाही. काही याद्यांतली मापं चौकटीसकट घेतलेली असतात, तेव्हा दोन्ही आकडे साधारण तितक्याच सेंटिमीटरांनी फुगलेले दिसतात. हा फरक ओळखता येतो.

मग चित्र उलटं करा

पाठीमागची बाजू हा तुमचा पहिला दस्तऐवज. उजेड बाजूने, तिरका पाडा आणि पूर्ण पाठीचं एक छायाचित्र घेऊन मग प्रत्येक चिठ्ठीचं, शिक्क्याचं, खडूच्या आकड्याचं वेगळं छायाचित्र घ्या. अर्धवट फाटलेल्या चिठ्ठीचाही कागद, कडांची नक्षी आणि छापील अक्षरांचं वळण टिपा. तशीच पूर्ण चिठ्ठी दुसऱ्या एखाद्या चित्रावर सापडते आणि विक्रेत्याचं नाव कळतं.

यातले काही आकडे फार बोलके असतात. लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहाने काळ्या शाईच्या साच्याने उमटवलेले क्रमांक त्यांच्या दप्तरात शोधता येतात. युद्धानंतर दोस्त सैन्याने म्युनिकमध्ये जमा केलेल्या कलाकृतींना तिथल्या संकलन केंद्राचा क्रमांक पडला आणि त्या क्रमांकाचं कार्ड आजही पाहता येतं. फ्रान्समधल्या ज्यू घरांतून नाझींच्या रोझेनबर्ग पथकाने उचललेल्या वस्तूंवर मालकाच्या आडनावावरून केलेलं संक्षेपाक्षर आणि आकडा असायचा. असा आकडा दिसला की काम थांबवून आधी वरिष्ठांना कळवायचं, मग पुढचा शोध.

एक सावधगिरी. चिठ्ठी चौकटीवर आहे की फळीवर, हे लिहून ठेवा. चौकटी बदलतात. चौकटीवरची चिठ्ठी त्या चौकटीचा इतिहास सांगते. चित्राचा सांगेलच असं नाही. कॅनव्हासला मागून नवं कापड चिकटवलेलं असेल तर मूळ पाठ झाकली गेलेली असते, आणि पाठीवर काही नाही यावरून तेव्हा काहीच अनुमान काढता येत नाही.

दोन टोकांकडून मध्याकडे

साखळी एका दिशेने बांधायची नसते. चित्रकाराच्या स्टुडिओपासून पुढे या, आणि संग्रहालयाच्या नोंदवहीपासून मागे जा. दोन्ही वाटा जिथे भेटायला हव्यात आणि भेटत नाहीत, तिथे पोकळी.

पुढच्या वाटेसाठी चित्रकाराची समग्र सूची सगळ्यात आधी बघा. तिच्यात प्रत्येक चित्राखाली त्या वेळी ज्ञात असलेले मालक आणि प्रदर्शनं दिलेली असतात. एकाच चित्रकाराच्या वेगवेगळ्या काळात निघालेल्या सूच्या असतील तर सगळ्या काढा आणि शेजारी ठेवा. एका सूचीत असलेलं आणि दुसरीत गायब झालेलं नाव हा तुमचा सर्वांत मोलाचा धागा असू शकतो. त्यानंतर लिलावांचे कॅटलॉग. 1901 ते 1945 या काळातले जर्मन भाषेतले हजारो लिलाव कॅटलॉग हायडेलबर्ग विद्यापीठाने स्कॅन करून खुले केले आहेत. लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेच्या प्रोव्हेनन्स इंडेक्समध्ये गूपिल आणि नोड्लर यांसारख्या मोठ्या विक्रेत्यांच्या साठा-वह्या सापडतात: कोणाकडून घेतलं, कोणाला विकलं, कधी. हरवलेल्या आणि मागणी असलेल्या कलाकृतींसाठी जर्मन सरकारी आधाराने चालणारी `lostart.de` ही यादी आहे. तिच्यात नाव नाही म्हणून चित्र निर्धोक ठरत नाही, कारण ज्या कुटुंबातलं कोणी वाचलंच नाही त्या कुटुंबाने नोंद करायची कशी?

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये हाताने लिहिलेलं खरेदीदाराचं नाव दिसलं की आनंद होतो, पण ते नाव दलालाचं असू शकतं. कधी तर विकलं न गेलेलं चित्र मालकाने स्वतःच परत घेतलेलं असतं आणि कुठलंतरी नाव लिहून ठेवलेलं असतं. पुढच्या विक्रीत विकणारा कोण होता हे जुळलं, तरच तो मालक धरा.

मागच्या वाटेसाठी संग्रहालयाची प्रवेश-नोंदवही आणि त्या खरेदीचा पत्रव्यवहार वाचा. नोंदवहीतली ओळ ही कोणीतरी सांगितलेली माहिती असते. ती कोणी सांगितली आणि कशाच्या आधारावर, हे पत्रव्यवहारातून कळतं.

‘वॉली’वर हे लावून बघू

शीलेची पहिली समग्र सूची 1930 ची. तिच्यात या चित्राची मालकीण म्हणून ली बोंडी यांचं नाव आहे. लग्नानंतर त्या बोंडी यारे झाल्या. व्हिएन्नातल्या व्युर्थले गॅलरीच्या त्या चालक, ज्यू. हे चित्र गॅलरीच्या विक्रीच्या मालात नव्हतं. त्यांच्या घरी, भिंतीवर होतं. हा तपशील पुढे कामी येतो, कारण गॅलरी बळकावली गेली म्हणून तिच्या मालाबरोबर चित्रही गेलं, असं म्हणायला जागा राहत नाही.

आता दुसरं टोक. व्हिएन्नाच्या बेल्वेडेर या सरकारी संग्रहालयात हे चित्र 1950 मध्ये आलं, ते हाइनरिश रीगर यांच्या वारसांकडून घेतलेल्या चित्रांबरोबर. रीगर हे व्हिएन्नातले दंतवैद्य, शीलेच्या चित्रांचे मोठे संग्राहक, तेही ज्यू. 1942 मध्ये तेरेझीनच्या छावणीत त्यांचा अंत झाला. म्हणजे 1950 च्या कागदांवरून पाहिलं तर गोष्ट अगदी सरळ होती: लुटलेला संग्रह वारसांना परत मिळाला, वारसांनी तो संग्रहालयाला विकला.

दोन टोकं शेजारी ठेवा. 1930 मध्ये बोंडी, 1950 मध्ये रीगर यांचे वारस. मग चित्र बोंडींकडून रीगर यांच्याकडे कधी गेलं? विक्रीची पावती हवी, भेटीचं पत्र हवं, निदान रीगर संग्रहाच्या एखाद्या जुन्या यादीत किंवा प्रदर्शनात हे चित्र तरी दिसायला हवं. शोधकाने इथे थांबून विचारायचा प्रश्न हा की अमुक माणसाकडून तमुक माणसाकडे जाण्याचा मार्ग दाखवणारा कागद कुठला. मालकांची नावं मिळवणं तुलनेने सोपं असतं. दोन नावांमधला सांधा सिद्ध करणं हेच खरं काम.

इथे सांधा नव्हताच. मार्च 1938 मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळल्यावर बोंडींची गॅलरी ‘आर्यीकरणा’च्या, म्हणजे ज्यूंचे धंदे बिगर-ज्यूंच्या ताब्यात देण्याच्या, नावाखाली फ्रीडरिश वेल्ट्स या साल्झबुर्गच्या नाझी विक्रेत्याच्या हाती गेली. 1939 मध्ये बोंडी लंडनला निघायच्या बेतात असताना वेल्ट्स त्यांच्या घरी आला, भिंतीवरचं ‘वॉली’ त्याला दिसलं आणि ते त्याने मागितलं. देश सोडायची परवानगी टांगणीला असताना नाही म्हणण्याची सोय नव्हती. याच वेल्ट्सने रीगर यांची चित्रंही मिळवली होती. युद्धानंतर अमेरिकी सैन्याने त्याच्याकडचा माल जप्त केला, तेव्हा दोन वेगवेगळ्या कुटुंबांकडून आलेली शीलेची चित्रं एकाच ढिगात होती. ‘वॉली’ रीगर यांचं समजून ऑस्ट्रियाच्या स्मारक खात्याकडे दिलं गेलं आणि तिथून त्याच समजुतीने बेल्वेडेरमध्ये पोहोचलं.

हे कळलं की तुमच्यासाठी एक नियमच तयार होतो. जिथे एकाच विक्रेत्याच्या हातून अनेक बळकावलेले संग्रह गेले आहेत, तिथे परत मिळालेल्या वस्तूंच्या याद्यासुद्धा वस्तूवार तपासायच्या. ‘अमुक संग्रहाबरोबर परत आलं’ म्हणजे ‘अमुक संग्रहातलं’ असं होत नाही.

बोंडी गप्प बसल्या नव्हत्या. 1953 मध्ये शीलेचे संग्राहक रुडॉल्फ लिओपोल्ड लंडनमध्ये त्यांना भेटले, तेव्हा चित्र परत मिळवायला मदत करा असं बोंडींनी त्यांना सांगितलं. पुढच्याच वर्षी लिओपोल्ड यांनी आपल्याकडचं शीलेचं दुसरं चित्र बेल्वेडेरला देऊन ‘वॉली’ स्वतःसाठी घेतलं. 1969 मध्ये बोंडी वारल्या, चित्र न मिळताच. 1994 मध्ये लिओपोल्ड यांचा संग्रह प्रतिष्ठानाकडे गेला आणि त्यातूनच आजचं संग्रहालय उभं राहिलं. 2009 मध्ये अमेरिकी न्यायाधीशांनी वेल्ट्सने घेतलं तेव्हा चित्र चोरीचंच होतं असा निर्णय दिला. लिओपोल्ड यांना ते माहीत होतं का, एवढा प्रश्न खटल्यासाठी उरला होता, आणि खटला उभा राहण्याआधीच तडजोड झाली.

विरामचिन्हांनी लिहायची साखळी

शोध लागला तेवढा लिहायची एक ठरलेली पद्धत अनेक संग्रहालयं पाळतात. मालक जुन्याकडून नव्याकडे क्रमाने लिहायचे. एकाकडून दुसऱ्याकडे वस्तू थेट गेल्याचा पुरावा असेल तर मध्ये अर्धविराम. थेट गेली नसेल किंवा माहीत नसेल तर पूर्णविराम. एवढ्याशा टिंबाने पोकळी जाहीर होते.

बेल्वेडेरच्या कागदांवर विसंबून लिहिलं असतं तर असं झालं असतं:

> ली बोंडी यारे, व्हिएन्ना, 1930 किंवा त्याआधीपासून. हाइनरिश रीगर, व्हिएन्ना; त्यांचे वारस; बेल्वेडेर, व्हिएन्ना, 1950.

बोंडींनंतरचा पूर्णविराम बघा. आणि शोधानंतर:

> ली बोंडी यारे, व्हिएन्ना, 1930 किंवा त्याआधीपासून; फ्रीडरिश वेल्ट्स, साल्झबुर्ग, 1939 मध्ये दबावाखाली घेतले; अमेरिकी सैन्याने जप्त केले; ऑस्ट्रियाचे स्मारक खाते, चुकून रीगर संग्रहातील म्हणून; बेल्वेडेर, व्हिएन्ना, 1950; रुडॉल्फ लिओपोल्ड, व्हिएन्ना, 1954, अदलाबदलीने; लिओपोल्ड म्यूझियम प्रतिष्ठान, 1994.

‘1930 किंवा त्याआधीपासून’ हे शब्द जपून वापरलेले आहेत. सूची 1930 ची आहे, म्हणून त्या वर्षी चित्र त्यांच्याकडे होतं एवढंच ती सांगते. ‘1930 मध्ये घेतले’ असं लिहिणं म्हणजे नसलेली माहिती घुसडणं, आणि पुढचा शोधक त्या वर्षाची पावती शोधत हैराण होईल. ‘दबावाखाली घेतले’ हेही तसंच. ‘वेल्ट्सकडे गेले’ असं गुळमुळीत लिहून चालणार नाही. हस्तांतर कसं झालं ते माहीत असेल तर लिहायलाच हवं.

पोकळी संग्रहालयांना का बोचते

प्रत्येक पोकळी म्हणजे चोरी नव्हे. बहुतेक जुन्या चित्रांच्या इतिहासात चाळीस-पन्नास वर्षांचे कोरे पट्टे असतात. घरातल्या घरात वस्तू मुलांकडे गेली की कोणी कागद करत नाही. 1780 ते 1830 मधली पोकळी कुतूहलाची असते. युरोपातल्या चित्राची 1933 ते 1945 मधली पोकळी मात्र धोक्याची असते, ऑस्ट्रियापुरती ती मार्च 1938 पासून. प्राचीन शिल्पं आणि उत्खननातल्या वस्तूंसाठी अनेक संग्रहालयं 1970 च्या युनेस्को कराराचं वर्ष सीमारेषा मानतात: त्याआधी वस्तू मूळ देशाबाहेर होती किंवा त्यानंतर कायदेशीरपणे बाहेर आली याचा पुरावा नसेल तर ती घ्यायची नाही.

कायद्याची बाजू देशागणिक बदलते. न्यूयॉर्कच्या कायद्याने चोराकडून कोणालाच मालकी मिळत नाही, मध्ये कितीही प्रामाणिक खरेदीदार येऊन गेले तरी. युरोपातल्या कित्येक देशांत प्रामाणिकपणे घेणाऱ्याला काही काळाने मालकी मिळू शकते. म्हणजे एकच चित्र व्हिएन्नात सुरक्षित आणि न्यूयॉर्कमध्ये जप्तीयोग्य असू शकतं. ‘वॉली’चं हेच झालं, आणि म्हणूनच उसनं चित्र पाठवण्याआधी आज संग्रहालयं साखळी मागतात.

या प्रकरणानंतर त्याच वर्षी, डिसेंबर 1998 मध्ये, 44 देशांनी वॉशिंग्टनमध्ये नाझींनी हिरावलेल्या कलाकृतींबद्दलची तत्त्वं मान्य केली. ती बंधनकारक नाहीत. पण त्यातलं एक तत्त्व शोधकाने लक्षात ठेवावं: काळ आणि परिस्थिती पाहता साखळीत पोकळी आणि संदिग्धता राहणारच, हे दावा तपासताना ध्यानात घ्यायचं. म्हणजे जे पळून गेले, मारले गेले, त्यांच्याकडून पावत्यांची अपेक्षा धरायची नाही. मला हे तत्त्व फार न्याय्य वाटतं. कागद नाहीत याचा फायदा, कागद नष्ट होण्याच्या काळात ज्यांच्या हाती वस्तू आली त्यांना मिळू नये. ऑस्ट्रियाने त्याच महिन्यात सरकारी संग्रहांसाठी परतफेडीचा कायदा केला. लिओपोल्ड म्यूझियम खासगी प्रतिष्ठान असल्याने तो कायदा ‘वॉली’ला लागूच झाला नाही.

धोक्याच्या काळात कुठे खणायचं

व्हिएन्नाच्या बाबतीत दोन दप्तरं विशेष उपयोगी. एप्रिल 1938 च्या हुकुमाने 5000 राइशमार्कहून अधिक मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यू व्यक्तीला तिची यादी सरकारला द्यावी लागली. लुटीसाठी केलेल्या या याद्या आज ऑस्ट्रियाच्या राज्य अभिलेखागारात आहेत आणि लुटले गेलेल्यांचा पुरावा बनतात. त्यात चित्रांच्या किमती मुद्दाम कमी लिहिलेल्या असू शकतात, काही वस्तू लपवलेल्याही असू शकतात. यादीत नाही म्हणून घरात नव्हतं असं समजू नका. दुसरं दप्तर स्मारक खात्याच्या निर्यात परवानग्यांचं: देश सोडणाऱ्याने बरोबर काय नेलं, काय अडवलं गेलं. दोन्ही कागद समोरासमोर ठेवले की मध्येच नाहीशी झालेली वस्तू उठून दिसते.

कागदांचीही साखळी तपासा

फार नीटनेटकी साखळी दिसली तर जास्त सावध व्हा. ‘खासगी संग्रह, स्वित्झर्लंड’ असे निनावी टप्पे, ज्यांना विचारता येणार नाही असे सगळे दिवंगत मालक, नेमक्या धोक्याच्या काळावरच पांघरूण घालणारं एकच पत्र, ही लक्षणं वाईट. जॉन ड्रू या इंग्रज ठकाने तर लंडनच्या टेट आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या संग्रहालयांच्या अभिलेखागारांत खोटे कागद घुसवले होते, म्हणजे जॉन मायटने रंगवलेल्या बनावट चित्रांचा इतिहास शोधणाऱ्याला तो ‘अस्सल’ दप्तरातच सापडावा. 1999 मध्ये त्याला शिक्षा झाली. तेव्हा कागद कोणत्या फाइलीत सापडला, शेजारचे कागद कोणत्या काळाचे, टाइपरायटर आणि पत्ता त्या तारखेला शोभतात का, हे बघा आणि नोंदीत लिहा.

सगळं करूनही पूर्णविराम उरेलच. तो तसाच ठेवा. शेजारी कुठली दप्तरं पाहिली, कोणत्या तारखेला, आणि कुठली बघायची राहिली याची टीप जोडा, कारण पाच वर्षांनी नवं दप्तर खुलं होईल तेव्हा तुमच्या जागी बसलेल्या माणसाला नेमकं तेच हवं असेल. आणि नोंद संग्रहालयाच्या संकेतस्थळावर, चित्राच्या पाठीच्या छायाचित्रासकट, जाहीर करा. तो पूर्णविराम पुसू शकणारा कागद बहुधा एखाद्या कुटुंबाच्या घरातच असतो, आणि त्या कुटुंबाला चित्र कुठे आहे हेच ठाऊक नसतं.